प्रवर्तकांची खरेदी हेरण्यासाठी: तिमाही तक्ता की व्यवहारनिहाय प्रकटीकरण?

प्रवर्तक किंवा संचालक स्वतःच्या पैशाने आपल्याच कंपनीचे शेअर बाजारातून घेत असतील, तर ती कंपनी वॉचलिस्टमध्ये घ्यावी, असा विचार अनेक जण करतात. अशी खरेदी हेरण्याचे दोन मार्ग भारतात सहज उपलब्ध आहेत. पहिला म्हणजे तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्न, कोणाकडे किती टक्के शेअर आहेत हे सांगणारा तक्ता. त्यातील प्रवर्तकांचा टक्का मागील तिमाहीपेक्षा वाढला आहे का, एवढे स्क्रीनरवर पाहायचे. दुसरा म्हणजे सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांखाली दोन्ही एक्सचेंजांच्या संकेतस्थळांवर येणारी व्यवहारनिहाय प्रकटीकरणे. मी दोन्ही वापरली आहेत, आणि आज माझी यादी दुसऱ्या मार्गावर उभी आहे. तरीही पहिला मार्ग टाकाऊ आहे असे मला म्हणायचे नाही.

विलंब दोन्हीकडे आहे. शेअरहोल्डिंग पॅटर्न तिमाही संपल्यापासून २१ दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे जूनअखेरचा तक्ता २१ जुलैपर्यंत येतो. प्रकटीकरणाचा मूळ नियम असा आहे की एखाद्या तिमाहीत व्यवहारांची एकूण रक्कम १० लाख रुपयांच्या वर गेली, की संबंधित व्यक्तीने दोन ट्रेडिंग दिवसांत कंपनीला कळवायचे आणि कंपनीने त्यापुढील दोन ट्रेडिंग दिवसांत एक्सचेंजला. सोमवारचा व्यवहार या वाटेने शुक्रवारपर्यंत बाहेर येतो. बुधवारचा असेल तर मध्ये शनिवार-रविवार येऊन पुढचा मंगळवार उजाडतो. आता डिपॉझिटरीच्या नोंदींवरून आपोआप तयार होणारी प्रकटीकरणे व्यवहारानंतर साधारण दोन ट्रेडिंग दिवसांत दिसतात, आणि ही व्यवस्था पूर्ण केलेल्या कंपन्यांना २०२१ पासून वेगळे हाताने कळवण्याची सक्ती उरलेली नाही. अमेरिकेत २००२ पर्यंत अशी माहिती पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत दिली तरी चालत असे. तिथेही आता मुदत दोनच कामकाजी दिवसांची आहे.

तक्त्याचा विलंब केवळ दिवसांत मोजला तर त्याचा खरा त्रास कळत नाही. तिमाही संपताच ट्रेडिंग विंडो, म्हणजे आतल्या मंडळींना शेअर व्यवहाराची मुभा असलेला काळ, बंद होते आणि निकाल जाहीर झाल्यावर ४८ तासांनी उघडते. मार्चअखेरचे वार्षिक निकाल मेच्या शेवटापर्यंत येऊ शकतात, त्यामुळे एप्रिल ते जून या तिमाहीतील आतल्या मंडळींची बरीचशी खरेदी मेचा उत्तरार्ध आणि जून यांतच होते. २ जूनची खरेदी तक्त्यातून २१ जुलैला समजली, तर सात आठवडे गेलेले असतात. एवढेच असते तर मी कदाचित चालवून घेतले असते. पण तोवर जूनच्या तिमाहीचे निकाल येऊ लागलेले असतात आणि शेअरचा भाव त्या निकालांवर हलत असतो. प्रवर्तकाने दोन निकालांच्या मधल्या शांत काळात घेतलेला निर्णय आपल्या हाती नव्या निकालाच्या गलबल्यात येतो, आणि कशामुळे काय झाले हे वेगळे काढणे माझ्या अनुभवात जवळजवळ अशक्य होते.

मला निर्णयाकडे नेणारी अडचण मात्र याहून साधी होती. तक्त्यात खरेदीची तारीखही नसते आणि भावही नसतो. वाढलेला टक्का पाहून ती खरेदी तिमाहीच्या कोणत्या आठवड्यात झाली हे सांगता येत नाही, म्हणून आपण किती उशिरा पोहोचलो हेही ठरवता येत नाही.

एक कल्पित कंपनी घेऊन हे पाहू. ४ कोटी शेअर, प्रवर्तकांकडे ५१.२० टक्के, भाव २५० रुपये. प्रवर्तकांनी जूनमध्ये बाजारातून १,२०,००० शेअर घेतले, म्हणजे ३ कोटी रुपये घातले. तक्त्यात त्यांचा वाटा ५१.५० टक्के दिसेल, वाढ ०.३० ची. आता तशाच दुसऱ्या कंपनीने त्याच तिमाहीत १० लाख शेअरचे बायबॅक केले आणि प्रवर्तकांनी त्यात भाग घेतला नाही, असे धरू. त्यांचे २,०४,८०,००० शेअर आहेत तेवढेच राहिले, पण एकूण शेअर ३.९० कोटी झाल्याने वाटा ५२.५१ टक्के झाला. एक रुपयाही न घालता वाढ १.३१ ची. वाढीनुसार क्रम लावणारा स्क्रीनर दुसऱ्या कंपनीला वर ठेवतो आणि खरी खरेदी झालेली कंपनी खाली जाते.

प्रकटीकरणात पहिल्या कंपनीची नोंद शेअरची संख्या, रक्कम, व्यवहाराच्या तारखा आणि संपादनाचा प्रकार यांसह येते. रकमेला संख्येने भागले की सरासरी भाव २५० मिळतो. प्रसिद्धीच्या दिवशी शेअर २७५ वर असेल, तर आपण प्रवर्तकांपेक्षा १० टक्के वर आहोत हे तिथेच कळते. अशा वेळी मी कंपनी यादीत घेतो, पण भाव त्या सरासरीजवळ येईपर्यंत अभ्यासाची घाई करत नाही.

या मार्गालाही चाळण लागते, आणि ती कंटाळवाणी आहे हे मान्य केले पाहिजे. संपादनाच्या रकान्यात बाजारातील खरेदीशेजारीच ईसॉप, भेट, प्रेफरेन्शियल वाटप आणि प्रवर्तकांमधील आपसांतले हस्तांतरण येते. वडिलांकडून मुलाकडे शेअर गेले तर मुलाच्या नावावर मोठी ‘खरेदी’ दिसते. त्याच तारखेला तेवढ्याच संख्येची विक्री समूहातील दुसऱ्या नावावर आहे का, हे पाहिले की उलगडा होतो. मी फक्त बाजारातील खरेदी ठेवतो. त्या खरेदीला वजन असण्याचे एक कारण नियमातच आहे: एकदा घेतल्यावर सहा महिने उलटा व्यवहार करता येत नाही, आणि केलाच तर नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा करावा लागतो. शिवाय १० लाखांची मर्यादा मोठ्या कंपनीच्या प्रवर्तकासाठी अगदी किरकोळ आहे, म्हणून रकमेची किमान पातळी प्रत्येकाने कंपनीच्या आकारानुसार स्वतः ठरवलेली बरी.

जुन्या नोंदींवर ही चाळणी तपासून पाहायची असेल, तर गणना प्रसिद्धीच्या तारखेपासून सुरू करावी, व्यवहाराच्या तारखेपासून नव्हे. काही संकेतस्थळे फक्त व्यवहाराची तारीख दाखवतात. ती धरली तर मधल्या दिवसांतली भाववाढ आपल्याला मिळालीच असती असा आभास होतो. एक्सचेंजच्या मूळ नोंदीत प्रसिद्धीची वेळही असते, आणि संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर आलेल्या नोंदीसाठी दुसऱ्या दिवशीचा भाव धरणेच प्रामाणिक ठरते.

ज्यांना तीन महिन्यांतून एकदाच यादी पाहायची आहे, किंवा सहा-आठ तिमाहींचा कल हवा आहे, त्यांना तक्ता पुरेसा वाटू शकेल, आणि त्यात गैर काही नाही. मीही तो उघडतो, पण पडताळणीसाठी. आपोआप येणारी प्रकटीकरणे कंपनीने नोंदवलेल्या पॅन क्रमांकांवर अवलंबून असल्याने समूहातील एखादे नाव सुटू शकते, आणि मर्यादेखालच्या छोट्या खरेद्या तिथे येतच नाहीत. म्हणून तक्ता आला की मी टक्क्याऐवजी प्रवर्तकांच्या शेअरची प्रत्यक्ष संख्या मागील तिमाहीशी ताडून पाहतो. फरक प्रकटीकरणांच्या बेरजेशी जुळला नाही, तर नावानिहाय यादीत कोणाचे शेअर वाढले ते शोधतो, आणि उत्तर मिळेपर्यंत ती कंपनी यादीच्या वेगळ्या भागात ठेवतो.