सरकारी गरोदरपण नोंदणी: पहिल्या तपासणीपासून बाळाच्या १४ आठवड्यांच्या लसीपर्यंतचा अनुभव

थोडक्यात मत आधी. सरकारी आरोग्य व्यवस्थेतल्या गरोदरपणाच्या तपासण्या नीट होतात, त्यासाठी पैसे लागत नाहीत, आणि खासगी डॉक्टरकडे जाणाऱ्या बाईनेही इथे नाव नोंदवून ठेवावे. योजनांचे पैसेही मिळतात. बँकेतल्या आधार-जोडणीचा घोळ सोडला तर अडकतात ते बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: पहिल्या दिवशी लिहिलेले नाव आणि तारीख चुकली तेव्हा, किंवा सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी गेली आणि कागद सासरीच राहिले तेव्हा. पहिलटकरणीच्या बाबतीत तर हे दुसरे हमखास होते, म्हणून खालचा सगळा अनुभव तेच उदाहरण धरून लिहिला आहे.

समजा सासर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आहे, माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात, आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १० मार्च २०२५. नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख १७ डिसेंबर येते. नोंदणी १२ आठवड्यांच्या आत, म्हणजे २ जूनपर्यंत व्हायला हवी. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायची गरज नाही. गावातल्या आशाताईंना सांगायचे, त्या उपकेंद्रातल्या सिस्टरकडे नेतात. शहरात हेच काम नागरी आरोग्य केंद्रात होते. सोबत आधार कार्ड, बँकेचे पासबुक, रेशन कार्ड आणि मोबाइल एवढे न्यावे. यातला एखादा कागद नसला तरी तपासणी थांबत नाही, ती त्याच दिवशी करून घ्यावी. कागद मागाहून देता येतात.

सिस्टर शेवटच्या पाळीची तारीख विचारतात तेव्हा अंदाजाने 'मार्चच्या सुरुवातीला' असे सांगू नये. ही एकच तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर, गरोदर मातांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या आरसीएच पोर्टलवर आणि पुढे पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत पैसे देणाऱ्या मातृवंदना योजनेच्या अर्जात जाते. कार्डावर १० मार्च आणि अर्जात १ मार्च असेल तर तपासणारा अर्ज परत पाठवतो. तारीख आठवत नसेल तर सण, आठवडी बाजार, यात्रा असे काही धरून काढावी, आणि लवकर केलेली सोनोग्राफी असेल तर तो रिपोर्ट दाखवावा. नोंदणी झाली की आरसीएच क्रमांक मिळतो. तो कार्डावर लिहिला आहे का ते तिथेच बघावे, आणि कार्डाच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत.

आता नावाचे बघू, कारण महाराष्ट्रात खरी गुंतागुंत इथेच होते. लग्नानंतर नाव बदलते, पण कागद एकाच वेळी बदलत नाहीत. आधारवर माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव, पासबुकावर सासरचे आडनाव, केस पेपरवर घरातले कोणी सांगेल ते तिसरेच. मातृवंदनेच्या अर्जात नाव आधारशी जुळवून पाहिले जाते. म्हणून साधा नियम असा ठेवावा: आधारवर आज जे नाव आहे, अक्षरन् अक्षर तेच नाव माता-बाल कार्डावर, अर्जात आणि पुढे दवाखान्याच्या केस पेपरवर सांगायचे. आधारवरचे नाव बदलायचे असेल तर नोंदणीच्या आधी बदलावे. नाहीतर दोन्ही हप्ते हातात येईपर्यंत ते तसेच राहू द्यावे. मधेच बदलले की पहिल्या हप्त्यातली बाई आणि दुसऱ्या हप्त्यातली बाई कागदावर वेगळ्या होतात.

तपासण्या किमान चार. पहिली १२ आठवड्यांच्या आत, मग १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ आठवड्यांनंतर. दर वेळी वजन, बीपी, रक्तातले हिमोग्लोबिन आणि लघवी तपासली जाते. रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ बी यांची तपासणीही होते. साखरेची तपासणी जरा समजून घ्यावी, कारण अनेकींना ती अर्धवट सोडावीशी वाटते. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच ते दहा मिनिटांत प्यायचे असते आणि बरोबर दोन तासांनी रक्त तपासतात. उपाशीपोटी यायची अट नाही. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, हे सिस्टरना न लपवता सांगावे. पहिली साखर नॉर्मल असली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती परत करून घ्यायची असते, आणि ही दुसरी वेळ गर्दीत राहून जाते. आपणच आठवण करावी.

गोळ्यांचा पुरवठा चांगला आहे. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक, किमान १८० दिवस, आणि कॅल्शियमच्या रोज दोन. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर लोहाच्या दोन देतात, आणि ७ च्या खाली गेले तर मोठ्या दवाखान्यात पाठवतात. घरोघरी होणारी चूक म्हणजे लोह आणि कॅल्शियम एकत्र घेणे. कॅल्शियममुळे लोह अंगी लागत नाही, गोळ्या संपतात आणि हिमोग्लोबिन जागचे हलत नाही. कॅल्शियम जेवणासोबत आणि लोह त्यानंतर निदान दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर घेतले तर फरक दिसतो. लोहाच्या गोळीवर चहा घेऊ नये. शौचाला काळे होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नये.

चारपैकी एक तरी तपासणी ९ तारखेला करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांना डॉक्टर तपासतात, आणि ९ ला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. आपल्या उदाहरणात ९ नोव्हेंबरला रविवार येतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात आशाताईंना विचारून ठेवलेले बरे. त्या दिवशी कार्डावर स्टिकर लावतात. हिरवा असला तर जोखीम आढळलेली नाही. लाल म्हणजे जोखमीची माता, आणि मग बाळंतपण कुठे करायचे ते डॉक्टर सांगतील तिथेच करायचे. या व्यवस्थेतली उणी बाजू सोनोग्राफीची. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बहुतेक ठिकाणी होत नाही, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात आणि तिथे पुढची तारीख मिळते. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी हवी असेल तर चिठ्ठी १५ व्या आठवड्यातच मागून घ्यावी.

पैशांकडे वळू. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: नोंदणी आणि पाळीपासून सहा महिन्यांच्या आत एक तपासणी झाल्यावर ३,०००, आणि बाळाची जन्मनोंद व १४ आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकदम, पण त्यासाठीही नोंदणी गरोदरपणात झालेली हवी. रेशन कार्ड अन्नसुरक्षेचे किंवा पिवळे, ई-श्रम कार्ड, जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, अनुसूचित जाती-जमातीचा दाखला किंवा आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला, यांतला कोणताही एक पुरावा चालतो. सरकारी नोकरीतल्या बाईला ही योजना नाही. अर्ज आशाताई किंवा अंगणवाडीताई भरून देतात, आणि pmmvy.wcd.gov.in वर स्वतःही भरता येतो.

'अर्ज मंजूर झाला, पैसे आले नाहीत' या तक्रारीत बहुतेक वेळा बँकेचाच घोळ असतो. पैसे अर्जातल्या खाते क्रमांकावर येत नाहीत, आधार ज्या खात्याशी डीबीटीसाठी जोडलेले आहे तिथे येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झालीच असे नाही. आणि दोन बँकांत खाती असतील तर सगळ्यात शेवटी जिथे जोडणी केली तिथे पैसे जातात, बऱ्याचदा लग्नाआधीच्या, विसरलेल्या खात्यात. myaadhaar.uidai.gov.in वर Bank Seeding Status मध्ये बँकेचे नाव आणि Active दिसते का ते बघावे. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येतात तेच हे खाते, त्यामुळे ज्यांना ते मिळतात त्यांना वेगळी तपासणी करायची गरज नाही.

उदाहरणातली बाई २७ मेला तपासली गेली, जूनमध्ये अर्ज गेला, पहिला हप्ता सासरी असतानाच जमा झाला. ऑक्टोबरमध्ये ती सांगोल्याला गेली. जाताना मूळ माता-बाल कार्ड, सगळे रिपोर्ट, आधार आणि रेशन कार्डाची झेरॉक्स सोबत हवी. माहेरी पोचल्यावर आठवड्याभरात तिथल्या सिस्टरना कार्ड दाखवावे. नवी नोंदणी मात्र करून घेऊ नये. आरसीएच क्रमांक तोच चालतो. दुसरा घेतला की एकाच आधारावर दोन गरोदरपणे दिसतात आणि दुसरा हप्ता अडतो.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि जेवण सगळे मोफत आहे. साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवण मिळते. आणायला आणि घरी सोडायला १०२ ची गाडी येते. बाहेरून औषध आणायला सांगितले तर जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे नाव घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे. अनुसूचित जाती-जमाती किंवा दारिद्र्यरेषेखालच्या बाईला जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये वेगळे मिळतात, त्यासाठी जातीचा दाखला किंवा पिवळे कार्ड डिस्चार्जच्या आधी द्यावे.

बाळ १४ डिसेंबरला झाले. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच, २१ दिवसांच्या आत होते, म्हणजे सांगोल्यात, कोरेगावात नाही. दवाखाना माहिती पाठवतो, पण ती केस पेपरवरून. भरती करताना घाईत भावाने बहिणीचे माहेरचे नाव सांगितले असेल आणि आधारवर सासरचे असेल, तर दाखल्यावर आईचे नाव चुकते आणि दोन हजारांचा हप्ता तिथेच अडतो. डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरकडून केस पेपरवरचे नाव वाचून घ्यावे, तेव्हाच दुरुस्त होते. बाळाचे नाव ठरले नसले तरी दाखला निघतो.

सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी माहेरी घेतल्या तरी चालतात, फक्त प्रत्येक लसीची तारीख कार्डावर लिहून घ्यायची. चौदा आठवडे २२ मार्च २०२६ ला भरतात. दुसऱ्या हप्त्याचा अर्ज बाळ २७० दिवसांचे होईपर्यंत घेतात, पण पहिला अर्ज ज्या आशाताईंनी भरला त्यांच्याकडे लसीनंतर आठवड्याभरात कार्डाच्या लसीच्या पानाचा आणि जन्मदाखल्याचा फोटो पाठवून द्यावा. अडले तर मातृवंदनेची हेल्पलाइन १४४०८ आहे.