लेबलवर फक्त कंबर ३४, मग लांबी किती? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर मी ऑनलाइन एक कॉटन ट्राउझर घेतली. मध्यम उंचीच्या कमरेची, खाली जराशी निमुळती, लेबलवर एकच आकडा: ३४. तेव्हापासून ती ऑफिसला, गाडीवर, पावसात, सगळीकडे वापरून झाली. कापड चांगलं आहे, रंग फारसा उतरलेला नाही, खिसे खोल आहेत. पण लिहायचंय ते मापाबद्दल, कारण माझ्यासारख्या पाच फूट सहा इंचाच्या माणसाचं घोडं नेहमी लांबीवरच अडतं.

ज्या जीन्सवर ३४/३० असे दोन आकडे असतात, तिथे पहिला आकडा कमरेचा आणि दुसरा पायाच्या आतल्या शिवणीचा. चेनच्या खाली चार शिवणी जिथे मिळतात तिथपासून आतल्या बाजूने थेट खालच्या काठापर्यंत. आपला शिंपी वहीत ‘लांबी ३९’ लिहितो ती मात्र बाहेरची लांबी, कमरपट्टीच्या वरच्या कडेपासून पायाच्या बाहेरच्या बाजूने मोजलेली. दोन्हींत दहा-अकरा इंचांचा फरक असतो. त्यामुळे साइटवर नुसतं ‘लांबी’ लिहिलेलं असलं तर आकडाच सांगतो ती कुठली: २८ ते ३४च्या दरम्यान असेल तर आतली, ३८च्या पुढे असेल तर बाहेरची. सेंटीमीटरमध्ये असेल तर ७१ ते ८६ आतली आणि शंभरच्या आसपास बाहेरची.

या दोन लांब्यांच्या मधलं अंतर म्हणजे साधारण पुढचं आसन, ज्याला साइटवर राइज म्हणतात. कमरपट्टीच्या वरच्या कडेपासून चेनवरून खाली, त्या चार शिवणींच्या जागेपर्यंत. फक्त कंबर लिहिलेल्या ट्राउझरची लांबी ओळखायची असेल तर खरी किल्ली हीच आहे, आणि बहुतेक जण नेमकं हेच माप बघत नाहीत. समजा दोन ट्राउझरची बाहेरची लांबी ४० आहे. एकीचं आसन ९ इंच, दुसरीचं १२. पहिलीची आतली लांबी ३१च्या आसपास निघेल, दुसरीची २८च्या. वहीत दोन्ही ‘४०’च, पण पायात एक टाचेखाली जाईल आणि दुसरी घोट्यावर थांबेल.

माझ्या ट्राउझरच्या तक्त्यात ३४ साईजपुढे बाहेरची लांबी ४१ आणि आसन साडेदहा दिलं होतं. वजाबाकी साडेतीस. आसन वळणावरून मोजतात आणि बाहेरची लांबी कुशीतून, म्हणून या हिशेबात अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे धरावाच लागतो. घरी आल्यावर टेप लावली तेव्हा आतली लांबी पावणेएकतीस भरली. तक्त्यात आसन दिलेलंच नसेल तर मी मॉडेलकडे बघतो. उंची सहा फूट लिहिली असेल आणि ट्राउझरचा खालचा काठ बुटावर नीट टेकलेला दिसत असेल, तर आतली लांबी ३२च्या जवळपास आहे असं धरून चालतो.

मला हवी होती साडेअठ्ठावीस. हा आकडा मी पायावरून नाही, घरातल्या सगळ्यात चांगल्या बसणाऱ्या ट्राउझरवरून घेतलाय, आणि त्याला कारण आहे. थोडं पोट असलेली माणसं ट्राउझर पोटाखाली घालतात. मग आसन अंगापासून इंचभर खाली लोंबतं आणि खालचा काठही तेवढाच खाली येतो. अशा माणसाने उघड्या पायाची आतून लांबी मोजली आणि त्या मापाची ट्राउझर मागवली, तर ती इंचभर लांबच होणार. रोज जशी घालतो तशी बसणारी जुनी ट्राउझर सपाट टेबलावर पसरायची, एक पाय बाजूला करायचा, आतली शिवण हाताने सरळ करायची (खेचायची नाही) आणि मोजायची. तिचं आसन आणि कंबरही त्याच बैठकीत टिपून ठेवायची. माझ्या जुन्या ट्राउझरची कमरपट्टी दोन्ही कडा जुळवून सपाट मोजली तर १८ भरते, म्हणजे गोल ३६, आणि लेबल म्हणतं ३४. कमरेचा आकडा हा असा असतो. लेबलं जुळवत बसण्यापेक्षा पट्टी मोजलेली बरी.

मोजून झाल्यावर लगेच कापायला दिली नाही. आधी धुतली. सुती कापड उभ्या धाग्यात जास्त आटतं, कारण मागावर ताणून धरलेले असतात ते उभे धागे, आणि ट्राउझरमध्ये तेच पायाच्या लांबीत येतात. दोन धुण्यांनंतर पावणेएकतीसची सव्वातीस झाली. त्यानंतर मग पावणेदोन इंच कमी करून साडेअठ्ठावीस ठेवली. आधीच कापली असती तर आज ती २८ असती आणि गाडीवर बसलं की मोजे दिसले असते. पुन्हा लांब करायची सोय सगळ्या ट्राउझरना नसते. फॉर्मलला आत दुमडलेली माया दीड-दोन इंच सापडते, जीन्सला जेमतेम अर्धा इंच.

किती कापलं तर चालतं, हे पायाच्या आकारावर आहे. माझी गुडघ्याशी सपाट साडेआठ आणि खाली सात इंच आहे. पावणेदोन इंच कापल्यावर खालचं तोंड पाव इंचानेसुद्धा वाढलं नाही, नजरेला काही कळत नाही. सरळ पायाच्या ट्राउझरला तर काहीच फरक पडत नाही. पण तीन-चार इंच कापायची वेळ आली तर निमुळता पाय निमुळता राहत नाही, गुडघ्याची जागा नडगीवर सरकते, आणि जीन्सला गुडघ्यावर फिका रंग किंवा फाडलेला भाग असेल तर तो भलत्याच ठिकाणी दिसतो. बूटकटचा तर खालचा घेरच कापला जातो. तिथे दुसरी ट्राउझर बघावी. आणि खाली इलॅस्टिक किंवा विणलेली पट्टी असलेल्या जॉगरला फक्त कंबर दिलेली असेल आणि आतली लांबी कळत नसेल, तर मी ती घेतच नाही, कारण पट्टी उसवून पुन्हा लावण्याचं काम सगळे शिंपी नीट करत नाहीत.

लांबी बरोबर आहे की नाही हे वापरात टाचेपाशी कळतं. माझ्या एका जुन्या जीन्सचा मागचा काठ चपलेखाली येऊन विरला होता, तोही फक्त मागच्या दोन-अडीच इंचांत. ती अर्धा इंचच जास्त होती. ही ट्राउझर पावसाचे सगळे महिने सँडलवर घातली, काठ अजून शाबूत आहे, चिखलाचा डाग खालच्या शिवणीपर्यंत आलेला नाही.

ट्राउझर आवडली म्हणून तीच गडद निळ्या रंगात पुन्हा मागवली. तेच ३४, तोच तक्ता. हिची आतली लांबी सव्वातीस भरली, धुतल्यावर तीस. म्हणून अल्टरला देताना मी ‘पावणेदोन इंच काप’ असं सांगत नाही. ‘दादा, शिवून झाल्यावर आतून साडेअठ्ठावीस भरली पाहिजे’ असं सांगतो, आणि तोच आकडा त्यांच्या पावतीवर लिहून घेतो.