टीएफपी काढायची कशी : नगांवरून की भावांवरून?

माझी भाची इथे वडोदऱ्यात, सयाजीराव विद्यापीठात एम.ए. करते. गुजरातच्या कारखानदारीची वाढ कशातून झाली, हा तिच्या प्रबंधाचा विषय. भांडवल किती, कामगार किती, आणि या दोन्हींत न बसणारी एकूण घटक उत्पादकता, म्हणजे टीएफपी, किती. "मामा, हे काढायच्या दोन रीती आहेत म्हणे. मी कुठली घेऊ?" असं तिनं विचारलं. तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

एका रीतीत नग मोजतात: यंत्रं किती वाढली, माणसं किती वाढली. ती प्रत्येकाच्या उत्पन्नातल्या वाट्यानं गुणायची आणि उत्पादनाच्या वाढीतून वजा करायची. दुसऱ्या रीतीत भाव बघतात: मजुरी किती वाढली, भांडवलाचं भाडं किती वाढलं. त्या वाढींची वाट्यांनुसार बेरीज केली की झालं. खालच्या ओळींत g म्हणजे वाढ आणि s म्हणजे उत्पन्नातला वाटा; A टीएफपी, Y उत्पादन, K भांडवल, L कामगार, r भांडवलाचं भाडं किंवा परतावा, w मजुरी.

```
g_A = g_Y - s_K*g_K - s_L*g_L
g_A = s_K*g_r + s_L*g_w
```

दोन्ही ओळी एकाच वाक्यातून निघतात. जेवढं मूल्यवर्धन झालं तेवढंच कुणाच्या तरी हातात पडलं, मजुरांच्या नाहीतर भांडवलवाल्यांच्या. म्हणून चोपडा जुळत असेल तर दोन्ही उत्तरं एकच यायला हवीत.

मकरपुरा जीआयडीसीतला एक फॅब्रिकेशनचा कारखाना धरू. आकडे माझे, कल्पनेतले, आणि सगळे महागाई वजा करून. पहिल्या वर्षी मूल्यवर्धन 100 लाख. 40 कामगार, प्रत्येकी दीड लाख, म्हणजे मजुरी 60 लाख. उरलेले 40 लाख भांडवलाचे, यंत्रं 200 लाखांची. दहा वर्षांनी मूल्यवर्धन 200 लाख. 60 कामगार, प्रत्येकी दोन लाख, म्हणजे 120 लाख. भांडवलाला 80 लाख, आणि चोपड्यात यंत्रं 500 लाखांची. वाटे दोन्ही वेळा 0.6 आणि 0.4च राहिले, त्यामुळे सरासरी काढायची कटकट नाही.

वाढ नैसर्गिक लॉगच्या फरकात, शंभरानं गुणून मोजू. उत्पादन 69.3, कामगार 40.5, यंत्रं 91.6. नगांच्या रीतीनं 69.3 मधून 24.3 (कामगारांचे) आणि 36.7 (यंत्रांचे) वजा केले की 8.3 उरतात, म्हणजे वर्षाला जेमतेम 0.8 टक्के. आता भावांची रीत. मजुरी दीडाची दोन झाली, वाढ 28.8, तिचे 0.6 म्हणजे 17.3. भांडवलाचा परतावा 20 टक्क्यांवरून 16 वर आला, घट 22.3, तिचे 0.4 म्हणजे 8.9. वजाबाकी 8.3 (राउंडिंगचा एखादा दशांश सोडा). जुळलं!

पण हे जुळणं फसवं आहे. परतावा काढताना आपण त्याच 500 लाखांनी भागलं. चोपड्यातल्या 100 लाखांची यंत्रं कधीच भंगारात गेली होती आणि खरी यंत्रं 400 लाखांचीच होती, असं समजा. मग यंत्रांची वाढ 69.3, तिचे 0.4 म्हणजे 27.7, आणि टीएफपी 8.3 ऐवजी 17.3, म्हणजे दुपटीहून जास्त. भावांची रीत ही चूक पकडेल, पण एकाच अटीवर: परतावा चोपड्यातून न काढता बाजारातून आणलेला हवा. तशी यंत्रं भाड्यानं घेणारा आजही पहिल्या वर्षाइतकंच भाडं देत असेल, तर परताव्याची वाढ शून्य, आणि मजुरीचे 17.3 तेवढे उरतात. दोन्ही रीती त्याच चोपड्यातून चालवून "उलटतपासणी झाली" म्हणणारे प्रबंध मी पाहिलेत. ती उलटतपासणी नव्हे, बेरीज पुन्हा केली एवढंच.

हाच वाद सिंगापूरवर झाला. अर्थतज्ज्ञ ॲल्विन यंग यांनी 1995 मध्ये नगांच्या रीतीनं 1966 ते 1990 चा हिशेब मांडला. उत्पादन वर्षाला 8.7 टक्क्यांनी वाढत होतं, पण टीएफपीची वाढ निघाली 0.2 टक्के. काम करणाऱ्यांचं लोकसंख्येतलं प्रमाण 27 टक्क्यांवरून 51 वर गेलेलं, गुंतवणूक अफाट, मग उरणार काय? दुसरे अर्थतज्ज्ञ चँग-ताय शिए यांनी 2002 मध्ये भाव तपासले. राष्ट्रीय हिशेबात दिसतं त्या वेगानं भांडवल साठत असेल तर त्याचा परतावा घसरायला हवा होता. बाजारातले आकडे सांगत होते की तो जवळपास जागेवरच आहे. त्यांच्या मोजणीत सिंगापूरची टीएफपी वाढ यंग यांच्यापेक्षा वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त आली, तैवानची सुमारे एका टक्क्यानं. कोरिया आणि हाँगकाँगमध्ये मात्र दोन्ही रीतींचं बऱ्यापैकी जुळलं, आणि मला हेच जास्त बोलकं वाटतं. रीतीतच खोट असती तर फरक चारही ठिकाणी पडला असता.

म्हणून भावांची रीत सरस, असं नाही. तिची नाजूक जागा म्हणजे व्याजदर. भांडवलाचं भाडं काढायला खरा व्याजदर आणि घसारा यांची बेरीज लागते, आणि तिला इतर मालाच्या तुलनेत यंत्रं किती महाग किंवा स्वस्त झाली त्यानं गुणावं लागतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकापर्यंत बँकांचे व्याजदर बहुतांशी वरून ठरायचे. तो दर भांडवलाचा खरा भाव सांगत नाही. त्या काळासाठी मी भावांच्या रीतीवर भिस्त ठेवणार नाही. दुकानदार, शेतकरी, घरगुती कामं यांचा समावेश असेल तर मजुरीही अडते. स्वतःच्या दुकानात बसणाऱ्याच्या कमाईतली मजुरी किती आणि गल्ल्यावरचा नफा किती, हे कोण वेगळं काढणार? अर्थात, वाटे ठरवताना ही अडचण नगांच्या रीतीलाही येतेच. देशपातळीवर असा हिशेब हवा असेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरची इंडिया केएलईएमएस आकडेवारी घ्या. 1980-81 पासून, 27 उद्योगांसाठी, कामगारांचं शिक्षण धरून ते काम झालेलं आहे. घरी पुन्हा करू नका.

भाचीचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिला नोंदणीकृत कारखाने घ्यायचेत आणि तेही एका राज्याचे. त्यासाठी वार्षिक उद्योग सर्वेक्षण आहे. त्यात कामगार आणि वेतन ठीकठाक मिळतं. स्थिर भांडवल मात्र खरेदीच्या वेळच्या किमतीत, घसारा वजा करून दिलेलं असतं. दहा वर्षांपूर्वीचं लेथ आणि कालचं लेथ वेगवेगळ्या रुपयांत मोजून एकत्र केलेली ही बेरीज. ती तशीच वापरायची नाही. दरवर्षीची गुंतवणूक यंत्रांच्या घाऊक किंमत निर्देशांकानं समान रुपयांत आणून, घसारा धरत साठा नव्यानं उभारावा लागतो. शिवाय नोंदणीकृत कारखान्यांत वेतनाचा वाटा निम्म्याहून कमी असतो. भांडवलाचा वाटा मोठा, त्यामुळे भांडवलातली चूक माझ्या मकरपुऱ्याच्या उदाहरणाहून जास्त भोवते.

तिला मी नगांची रीत घ्यायला सांगितलं. पण टीएफपीला हात लावण्याआधी एक स्तंभ काढायचा: मूल्यवर्धनातून वेतन वजा करून उभारलेल्या भांडवलानं भागायचं, दरवर्षी. हा परतावा सतत उतरत असेल आणि बँकेच्या कर्जाचा खरा दर व यंत्रांच्या किमती वापरून काढलेलं भाडं तसं उतरत नसेल, तर आधी घसाऱ्याचा दर आणि सुरुवातीच्या वर्षाचा साठा तपासायचा. काल तिचा फोन आला. पहिल्या पाच वर्षांत परतावा जवळजवळ निम्मा झालाय, नंतर सपाट. सुरुवातीचा साठा फारच लहान धरलाय, दुसरं काय. छोट्या साठ्यात नवी गुंतवणूक पडली की भांडवल उगाच भराभर वाढताना दिसतं. पहिली पाच वर्षं हिशेबातून वगळ, म्हटलं.