हातात तीन ऑफर: मनाचा कौल, सरळ बेरीज की वेटेजचा तक्ता?

नोकरीच्या दोन-तीन जागा एकदम समोर आल्या की मन बहुतेकदा एकाच गोष्टीला चिकटतं, आणि ती गोष्ट सहसा पगार असते. पगाराचा आकडा पत्रावर छापलेला असतो. रोजचा प्रवास किंवा वरिष्ठाचा स्वभाव कुठेच छापलेला नसतो. म्हणून मनाचा कौल, सरळ बेरीज आणि वेटेजचा तक्ता हे तिन्ही मार्ग एकाच उदाहरणावर लावून पाहू.

आधी एक चाळणी. जी अट मोडून चालणारच नाही, उदाहरणार्थ रात्रपाळी नको, ती तक्त्यात घालू नका. ती न पाळणारी जागा सरळ बाद करा. नाहीतर भरघोस पगाराचे गुण तो दोष बेरजेत झाकून टाकतात.

उरलेल्या तीन जागांना १ ते १० पैकी गुण देऊ:

| निकष | वेटेज | अ | ब | क |
|---|---|---|---|---|
| पगार | ३५ | ९ | ६ | ७ |
| शिकायला मिळणारं काम | ३० | ५ | ८ | ६ |
| प्रवास | २० | ३ | ७ | ९ |
| वरिष्ठ | १५ | ६ | ७ | ५ |
| सरळ सरासरी | | ५.७५ | ७.०० | ६.७५ |
| वेटेजसह सरासरी | १०० | ६.१५ | ६.९५ | ६.८० |

शीटमध्ये वेटेज B रकान्यात आणि ‘अ’चे गुण C रकान्यात असतील, तर हे सूत्र लिहून उजवीकडे ओढायचं:

```
=SUMPRODUCT($B$2:$B$5,C2:C5)/SUM($B$2:$B$5)
```

पगारावर भाळलेलं मन ‘अ’ निवडतं. बाकी दोन्ही पद्धतींत ‘अ’ शेवटी आहे, आणि तेही पगाराला सर्वांत जास्त वेटेज देऊनसुद्धा. सरळ बेरजेला कमी लेखू नये. १९७९ साली रॉबिन डॉझ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की सगळ्या घटकांना समान वजन देणारी साधी बेरीजदेखील अनेकदा जाणकारांच्या अंदाजांपेक्षा बरी ठरते. म्हणजे निम्मं काम निकष वेगवेगळे मांडण्यानेच होतं. वेटेजची खरी गरज पडते ती एक जागा एका बाबतीत वरचढ आणि दुसरी दुसऱ्या बाबतीत, अशा वेळी.

पण वेटेज ठरवताना एक चूक फार सर्रास होते. ‘पगार महत्त्वाचा, म्हणून ३५’ असं हवेत ठरवलं जातं. वेटेज निकषाला नसतं, १ गुणापासून १० गुणांपर्यंतच्या फरकाला असतं. म्हणून आधी मोजपट्टी लिहून काढा. वरच्या तक्त्यात एकेरी प्रवास १५ मिनिटांचा असेल तर १० गुण, आणि पुढच्या दर १० मिनिटांना एक गुण कमी. त्यामुळे ८५ मिनिटांना ३ आणि १०५ मिनिटांना १. मग स्वतःला विचारायचं: प्रवास १०५ वरून १५ मिनिटांवर येणं मोलाचं, की पगार मोजपट्टीच्या तळापासून टोकाला जाणं? पगाराच्या पट्टीचा तळ आणि टोक जवळजवळ असतील, तर ३५ हे वेटेज फार झालं. हे सगळं गुण देण्याआधी ठरवा. गुण दिसल्यावर वेटेज बदलायला लागलात, तर आवडत्या जागेला पहिलं आणण्याचं काम नकळत सुरू होतं.

आता ‘ब’ आणि ‘क’. फरक ०.१५ इतकाच आहे, आणि त्याला निकाल मानणं धोक्याचं. तो टिकतो का, ते तपासता येतं. कामाचं वेटेज ३० वरून २५ केलं आणि ती ५ टक्के प्रवासाला दिली, तर ‘ब’ ६.९० आणि ‘क’ ६.९५. क्रम उलटला! दुसरी तपासणी गुणांची. ‘ब’च्या वरिष्ठाला दिलेले ७ गुण तासाभराच्या मुलाखतीवरून आलेत. ते ६ धरले तर ‘ब’ही बरोबर ६.८० वर येतो. दोन्ही तपासण्यांत ‘अ’ मात्र खालीच राहतो. म्हणून तक्त्याचा खरा निष्कर्ष एवढाच: ‘अ’ सोडा, आणि ‘ब’ की ‘क’ हे ठरवण्याआधी ‘ब’च्या त्या टीममध्ये काम केलेल्या एखाद्या माणसाशी बोलून घ्या. माझ्या मते तक्त्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. कुठली माहिती कच्ची आहे आणि कुठल्या माहितीने निर्णय फिरेल, हे तो नेमकं दाखवतो.

मनाच्या कौलालाही यात जागा आहे, पण शेवटी. पहिली आलेली जागा पाहून मन खट्टू झालं, तर बहुधा एखादा निकष लिहायचा राहिला आहे. समजा, नोकरीची शाश्वती. तो लिहा, त्याची मोजपट्टी ठरवा, वेटेज पुन्हा १०० मध्ये बसवा आणि तिन्ही जागांना गुण द्या, फक्त आवडत्या जागेला नव्हे. मात्र तो आधीच्या निकषाचीच दुसरी बाजू नाही ना, हे पाहा. ‘पगार’ आणि ‘बोनस’ वेगळे लिहिले, तर पैसा दोनदा मोजला जातो.