तक्रार अर्धी खरी ठरली, आता मॅनेजरला कोणतं पत्र द्यायचं?

दादागिरीची तक्रार पूर्ण खरी किंवा पूर्ण बिनबुडाची निघाली, तर पत्र लिहिणं सोपं असतं. एचआरची रात्रीची झोप उडते ती काही मुद्दे टिकतात आणि काही टिकत नाहीत तेव्हा. त्या वेळी समोर साधारण दोन पर्याय असतात. एक, नेहमीच्या साच्यातलं लेखी ताकीदपत्र. दुसरा, मुद्देनिहाय निष्कर्ष आणि सुधारणेच्या अटी सांगणारं पत्र. आपल्याकडच्या खासगी कंपन्यांत पहिलं सर्रास दिलं जातं, कारण त्याचा नमुना प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तयार असतो.

बोलायला एक प्रातिनिधिक प्रकरण घेऊ. पुण्यातली मध्यम आकाराची कंपनी, अकाउंट्स विभागाचा मॅनेजर आणि त्याच्या हाताखालच्या एकाची तक्रार. तक्रारीत चार मुद्दे आहेत: सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत वारंवार अपमान, रात्री उशिरा टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टोमणे, मुद्दाम नाकारलेल्या रजा आणि सूड म्हणून कमी केलेलं अप्रेझल रेटिंग. दोन सदस्यांच्या समितीने टीममधल्या लोकांशी बोलून, मेसेज आणि रजेच्या नोंदी तपासून अहवाल दिला. पहिले दोन मुद्दे सिद्ध झाले, पुढचे दोन झाले नाहीत.

आता हाच निकाल दोन्ही पत्रांत कसा उतरतो ते पाहा. ताकीदपत्रात साधारण असं येतं:

«आपल्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी झाली असून ती अंशतः खरी आढळली आहे. आपलं वर्तन कंपनीच्या मूल्यांशी विसंगत आहे. यापुढे असं वर्तन आढळल्यास कडक कारवाई केली जाईल, याची नोंद घ्यावी.»

मुद्देनिहाय पत्रात पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्याचं असं होतं:

«मुद्दा १, सिद्ध. मार्च ते मे या काळातल्या किमान तीन साप्ताहिक मीटिंगमध्ये आपण तक्रारदाराच्या चुका आवाज चढवून, इतरांसमोर आणि वैयक्तिक शेरे मारत सांगितल्या. चूक दाखवणं आपलं कामच आहे. आक्षेप आहे तो पद्धतीवर.

मुद्दा ३, सिद्ध झाला नाही. वर्षअखेरीस नाकारलेल्या रजा टीममधल्या इतरांच्याही होत्या आणि कारण प्रत्येक वेळी सिस्टीममध्ये नोंदलेलं आहे.»

पहिलं पत्र वाचून मॅनेजरला नेमकं काय कळतं? काहीतरी खरं ठरलं, पण काय ते कळत नाही. मग तो आपल्या सोयीचा अर्थ लावतो: रजेचं प्रकरण असणार, आणि रजा तर मी नियमानेच नाकारल्या होत्या. मीटिंगमधलं ओरडणं जसंच्या तसं चालू राहतं. तीन महिन्यांनी पुन्हा तक्रार आली की तो म्हणतो, मला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि कागद पाहिला तर त्याचं म्हणणं खरं असतं.

मुद्देनिहाय पत्रात ही पळवाट बंद होते, पण ते लिहिताना जास्त जपावं लागतं. साक्षीदारांची नावं त्यात येता कामा नयेत. नाव नसूनही ओळख उघडी पडू शकते. मीटिंगला चारच जण असतील आणि आपण «आपल्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने सांगितलं» असं लिहिलं, तर गुप्तता संपली. सिद्ध न झालेल्या मुद्द्यांपुढे «खोटी तक्रार» हे शब्द कधीही लिहू नयेत. पुरावा अपुरा पडणं आणि तक्रारदाराने जाणूनबुजून खोटं बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीसाठी स्वतंत्र पुरावा लागतो. रेटिंगचा मुद्दा घ्या. रेटिंग तक्रारीच्या आधीच ठरलं होतं आणि वरच्या पातळीवर पुन्हा तपासलं गेलं होतं, एवढंच समितीला दिसलं. तेवढंच लिहावं.

खरा फरक पडतो तो शिक्षेच्या जागी. ताकीदपत्राचा सूर शिस्तभंगाचा असतो आणि बहुतेक धोरणांत लेखी ताकीद ही कारवाईच मानली जाते. समितीने केलेली असते ती प्राथमिक चौकशी. काय घडलं असावं एवढंच ती शोधते. तिच्याच बळावर इन्क्रिमेंट रोखणं किंवा पद खाली आणणं धोक्याचं आहे, कारण त्याआधी आरोपपत्र देऊन, उत्तर मागवून, बाजू मांडायची संधी द्यावी लागते. कामगारांना मिळणारं कायदेशीर संरक्षण बहुतेक मॅनेजरांना नसतं, पण म्हणून नेमणूकपत्र आणि कंपनीचं स्वतःचं धोरण बाजूला सारता येत नाही. सुधारणेच्या पत्रात शिक्षा नसते, वागणुकीबद्दलच्या व्यवस्थापकीय सूचना असतात. म्हणूनच ते लवकर देता येतं आणि टिकतंही. मात्र त्यात हळूच «या वर्षीची वाढ रोखण्यात येत आहे» हे वाक्य घुसवलं, की सगळा फायदा गेला.

सूचनाही मोजता येण्यासारख्या हव्यात. «संवादकौशल्य सुधारावं» यावर कुणालाही नापास करता येत नाही आणि पासही. या प्रकरणात मी एवढंच लिहीन: चुकांबद्दलचं बोलणं बंद दाराआड होईल, रात्री ८ नंतर ग्रुपवर मेसेज नाही, अपवाद बँकेच्या किंवा कर भरण्याच्या मुदतीचा, रजेच्या अर्जाला दोन कामकाजाच्या दिवसांत कारणासह लेखी उत्तर. तिसरी सूचना सिद्ध न झालेल्या मुद्द्यावर कशी, असं मॅनेजर विचारेल. तो प्रश्न रास्त आहे, म्हणून ही सूचना दोषाची नसून पूर्ण विभागाला लागू केलेली पद्धत आहे, असं पत्रातच म्हणावं. आढावा ३०, ६० आणि ९० दिवसांनी, आणि तो मॅनेजरच्या वरिष्ठाने घ्यायचा. एचआरने घेतला तर वरिष्ठ हात झटकून मोकळे होतात.

माफीनामा मागावा का? माझं मत, नाही. आदेशावरून लिहिलेली माफी दोघांनाही झोंबते. तक्रारदाराची तयारी असेल तर मध्यस्थासमोर बोलणं करावं, नसेल तर विषय सोडावा. आणि सोय म्हणून तक्रारदाराचीच बदली करू नये. त्याची इच्छा नसेल तर ती शिक्षाच दिसते. त्याऐवजी पुढचं अप्रेझल काही काळ दुसऱ्या मॅनेजरकडे सोपवावं आणि सूडबुद्धीने वागल्यास ती स्वतंत्र गैरवर्तणूक मानली जाईल, हे पत्रात स्पष्ट लिहावं.

तरीही ताकीदपत्र योग्य ठरतं अशी एक परिस्थिती आहे. हाच मॅनेजर, हेच वर्तन आणि आधीचं सुधारणेचं पत्र फाइलमध्ये. तेव्हा आरोपपत्राची रीतसर वाट धरावी, ताकीद तिच्या शेवटी यावी. महिलेच्या तक्रारीत लैंगिक छळाचा अंश असेल, तर या दोन्हींचा विचारच नको. ते प्रकरण २०१३च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडे जातं.

बाकी सगळ्या पहिल्या वेळच्या प्रकरणांत मी मुद्देनिहाय पत्र निवडीन, लिहायला दोन दिवस जास्त लागले तरी. देताना ते ईमेलने फेकू नये. वरिष्ठाच्या उपस्थितीत हातात द्यावं, वाचायला वेळ द्यावा, आणि फेरविचाराचा अर्ज कुणाकडे व किती दिवसांत करायचा ते दाखवावं. सही घ्यायची ती «पत्र मिळालं» एवढ्यावरच. «मान्य आहे» वर सही मागितली की भांडण तिथेच सुरू होतं. त्याने सही नाकारली, तर हजर असलेल्या दोघांनी तारखेसह तशी नोंद करून प्रत फाइलला लावावी.