शॉटकी डायोड, आठ महिने वापरून: सोलरच्या वायरीत झकास, मोटारीच्या डब्यात ताप

आमचं शेत सेलूपासून दहा-बारा किलोमीटरवर, काळ्या रानात. डुकरं अन् रोही फार, म्हणून कुंपणाला झटका मशीन आहे. त्याला चाळीस वॅटचं सोलर पॅनल आणि बारा व्होल्टची बॅटरी. शिवाय आखाड्यावर मोटारीसाठी मी स्वतः जोडलेला एक ऑटोचा डबा. लाईट आली की दोन मिनिटं थांबून तो मोटार चालू करतो. गेल्या नोव्हेंबरात या दोन्ही ठिकाणचे साधे सिलिकॉन डायोड काढून मी शॉटकी बसवले. पॅनलच्या वायरीत 1N5822 आणि डब्यात 1N5819. जूनपर्यंतचा अनुभव लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. रात्री बॅटरीचा करंट उलटा पॅनलमध्ये जाऊ नये म्हणून मधे एक डायोड लागतो. तिथे आधी 1N5408 होता. भर उन्हात सव्वादोन अँपिअर जाताना त्याच्यावर चक्क ०.८५ व्होल्ट पडायचे. म्हणजे जवळपास दोन वॅट नुसती उष्णता, बोट लावलं की चटका. शॉटकीवर त्याच करंटला ०.४२ भरले. हिवाळ्यात याचा बॅटरीला फारसा फायदा झाला नाही, कारण तेव्हा पॅनलकडे व्होल्टेज मुबलक असतं. फायदा दिसला एप्रिल-मेमध्ये. पॅनलवर १८ व्होल्ट लिहिलेले असतात ते २५ अंशांचे. आपल्याकडच्या उन्हात काच तापून ६५ अंशांवर गेली की ते १५ च्या आसपास उतरतात. बॅटरीला शेवटी १४.४ हवेत, वायरीत थोडे जातात, त्यात डायोडने ०.८५ खाल्ले तर उरतं काय? मागच्या उन्हाळ्यात बॅटरी पूर्ण भरत नव्हती, यंदा भरली.

आता शॉटकीवर व्होल्टेज कमी का पडतं, ते थोडक्यात. साध्या डायोडमध्ये दोन तऱ्हेचं सिलिकॉन एकमेकांना भिडलेलं असतं आणि सांध्यावर करंटला एक बांध आडवा येतो. शॉटकीत एका बाजूला सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूला थेट धातू, तिथला बांध बुटका. (वॉल्टर शॉटकी या जर्मन शास्त्रज्ञाने १९३८ मध्ये या बांधाचं गणित मांडलं, म्हणून हे नाव.) बांध बुटका म्हणून कमी व्होल्टेजमध्ये करंट पलीकडे जातो. पण बुटक्या बांधावरून पाणी उलट्या बाजूनेही झिरपतंच. हा मालाचा दोष नाही, त्याच गुणाची दुसरी बाजू आहे. हिशोब असा की डायोडमधला करंट दहापट व्हायला साधारण ६० मिलिव्होल्ट लागतात. तेवढाच करंट ०.३ व्होल्ट कमी घेऊन न्यायचा म्हणजे पाच वेळा दहापट, म्हणजे मुळातली झिरप लाखपट. प्रत्यक्षात फरक याहून कमी दिसतो, कारण साध्या डायोडमध्येही इतर वाटांनी थोडी गळती असते. पण दिशा तीच.

पॅनलच्या वायरीत ही गळती नडत नाही. रात्री डायोड गार असतो, आणि काही मायक्रोअँपिअर गेले तरी बॅटरीला त्याचं काय! नडलं ते डब्यात.

डब्यात ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर. तिथून एक डायोड सर्किटच्या मेन लाईनला जातो. लाईट नसताना सर्किट चालावं म्हणून बॅटरीकडून दुसरा डायोड त्याच लाईनला येतो. दोन्ही शॉटकी. आणि ‘लाईट आहे का’ हे ओळखायला कपॅसिटरवर १०० किलोओहम आणि ३३ किलोओहमची जोडी. कपॅसिटरवर सहा व्होल्टच्या वर दिसलं की डबा समजणार, लाईट आहे.

मार्चपर्यंत सगळं सुरळीत. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी चुलत्यांचा फोन. “अरे, लाईट कव्हाची गेली, अन् तुझा डबा तर आहे म्हणायलाय!” हिरवा दिवा पेटलेला. त्यातून पुढची पंचाईत अशी की लाईट गेल्याचं डब्याला कळलंच नाही, मग ती परत आल्याचं कसं कळणार? तासाभराने लाईट आली, मोटार काही उठली नाही, आणि भुईमूग तसाच राहिला. संध्याकाळी मी गेलो तर डबा शहाण्यासारखा वागत होता. असं चार दिवस. रात्रीच्या पाळीत कधी चूक नाही, दुपारी हमखास.

दुपारीच चुकतो म्हणजे कारण उन्हात आहे, इथपर्यंत आलो. पत्र्याच्या डब्यात थर्मामीटर ठेवला तर दोन वाजता ५८ अंश. लाईट नसताना कपॅसिटरवर मीटर लावला तर सव्वानऊ व्होल्ट. बॅटरीची वायर काढल्यावर ते हळूहळू उतरून शून्यावर आले. म्हणजे बॅटरीचाच करंट पहिल्या डायोडमधून उलटा कपॅसिटरवर चढत होता. पुढे ब्रिज आडवा असल्याने त्याला ती १३३ किलोओहमची जोडी सोडून जायला वाटच नव्हती. मग डब्यावर ओला पंचा टाकला. पंधरा-वीस मिनिटांत हिरवा दिवा विझला. चुलते म्हणाले, “म्हंजी ह्याला ऊन लागलं होतं!”

डायोड काढून मीटरच्या डायोड मोडवर तपासला, एकदम ठणठणीत. ०.१९ एकीकडे, दुसरीकडे काही नाही. इथे बरेच जण फसतील, मीही फसलो आणि नवा डायोड लावून पाहिला. तोही तसाच. ही गळती मीटरच्या त्या मोडला दिसत नाही. दिसायची असेल तर डायोड उलटा धरून १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून बारा व्होल्ट द्यायचे आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजायचं. माझ्या 1N5819 वर सकाळी २४ अंशांना ०.०८ व्होल्ट, म्हणजे आठ मायक्रोअँपिअर. तेवढ्यात १३३ किलोओहमवर जेमतेम एक व्होल्ट उभा राहतो, म्हणून हिवाळ्यात काही कळलं नाही. सोल्डरिंगची गन नुसती जवळ नेली तरी आकडा भराभर चढायला लागला. ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना गळती दुप्पट. सहा व्होल्ट उभे राहायला ४५ मायक्रोअँपिअर पुरतात. आठाचे पंचेचाळीस होतात अडीच दुपटींत, म्हणजे ४९ अंशांच्या आसपास. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याचा डबा दहा-साडेदहालाच तिथे पोचतो. त्याच जागी साधा 1N4007 धरला, तर माझ्या मीटरवर आकडा हललाच नाही.

दुरुस्ती दोन रुपयांत झाली. ट्रान्सफॉर्मरकडच्या बाजूला 1N4007 लावला. तिथे पंधरा-सोळा व्होल्ट येतात, त्यातले ०.८ गेले तरी कुणाला फरक पडत नाही. खरं तर तिथे शॉटकी लावायची गरजच नव्हती, ती माझी हौस. बॅटरीकडे शॉटकी तसाच ठेवला, कारण तिथे दर दशांश व्होल्ट मोलाचा. लाईट असताना तो उलटा थोडा झिरपतो, पण ते लेड-ॲसिड बॅटरीला सोसतं. शेजाऱ्याने असाच टायमर केलाय, त्याच्या घड्याळाला बटणाची लिथियम सेल आहे. त्या सेलला मात्र उलटा करंट अजिबात चालत नाही, कारण ती चार्ज करायची सेल नव्हे. गळतीने ती फुगते. तिथला शॉटकी त्याला काढायला लावला आणि साधा 1N4148 दिला.

मे गेला, जून अर्धा संपला, डबा दुपारी एकदाही खोटं बोललेला नाही. पुढची पुडी आणीन ती फक्त 1N5822 ची, पॅनलसाठी.