पत्र्याचं गोदाम, बबल शीट, टर्बो व्हेंटिलेटर आणि उजेडाचे पत्रे: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

अकोल्याजवळ आमचं तूर-हरभऱ्याच्या पोत्यांचं गोदाम आहे. १०० फूट लांब, ६० फूट रुंद, उंची सरासरी २० फूट, वर अर्धा मिलिमीटर जाडीचा साधा चंदेरी पत्रा. उन्हाळा लागायच्या आधी त्यात तीन कामं करून घेतली: पत्र्याखाली परावर्तक बबल शीट, माथ्याच्या पट्टीजवळ वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर काढणारे २४ इंची ८ टर्बो व्हेंटिलेटर आणि उजेडासाठी पॉलिकार्बोनेटचे पत्रे. मे महिना गेला, पावसाळाही सरत आलाय.

निकाल आधीच सांगतो. दुपारी गोदामातली हवा थंड होत नाही. बाहेर ४३ अंश असताना बाहेरचीच हवा आत घेणारी कुठलीही व्यवस्था ती आणखी थंड करू शकत नाही. कमी होते ती डोक्यावरून येणारी झळ, आणि काम करणाऱ्या माणसाला तिचाच त्रास जास्त असतो. मे महिन्यातल्या एका दुपारी हमालांच्या मुकादमाने सांगितलं, "भाऊ, हवा तशीच गरम हाये, पन वरतून जे भाजे ते बंद झालं."

हे मोजून पाहायचं असेल तर साधा थर्मामीटर पुरत नाही, कारण तो फक्त हवा मोजतो. पिंगपाँगच्या चेंडूला काळा मॅट रंग द्या, त्यात थर्मामीटरचं टोक बसवा आणि डोक्याच्या उंचीवर टांगा. आमच्याकडे काम होण्याआधी उन्हाळ्यातल्या दुपारी हवा ४६ आणि काळा चेंडू ५२ दाखवायचा. म्हणजे सहा अंशांचा बोजा निव्वळ तापलेल्या पत्र्याच्या उत्सर्जनाचा होता. आता तितक्याच कडक दुपारी हवा ४४ आणि चेंडू ४५ ते ४६ च्या आसपास असतो. हवेत फरक दोनच अंशांचा, पण अंगाला जाणवणारा फरक त्याच्या तिप्पट आहे.

कोणतं काम आधी करायचं, याचा थोडा हिशेब मांडतो. उन्हात पत्र्याची आतली बाजू ६४ अंशांपर्यंत जायची. एवढा तापलेला पत्रा दर चौरस मीटरला साधारण १२५ वॉट उष्णता खाली टाकतो. आमचं छप्पर साडेपाचशे चौरस मीटरच्या वर आहे, म्हणजे जवळजवळ ७० किलोवॉट. आता ८ टर्बो बघा. २४ इंची गळ्याचं क्षेत्रफळ तीन चौरस फुटांच्या थोडं वर, आठांचं मिळून २५. वारा पडलेला असेल, आत-बाहेर पाच अंशांचा फरक असेल आणि गरम हवा निव्वळ आपल्या हलकेपणाने वर जात असेल, तर एवढ्या तोंडातून गोदामातली सगळी हवा बदलायला अर्धा तास लागतो. त्यातून बाहेर जाणारी उष्णता नऊ-दहा किलोवॉट. वारा असला की आकडा वाढतो, पण ७० च्या जवळपासही पोचत नाही. म्हणून उघड्या पत्र्यावर नुसते टर्बो बसवणाऱ्यांची निराशा होते. आधी वरून येणारी उष्णता अडवायची, मगच उरलेली बाहेर काढणं टर्बोंच्या आवाक्यात येतं.

अडवण्याचं काम बबल शीट करते, पण ते जाडीच्या जोरावर नाही. तिचा चकचकीत ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग उष्णतेचे किरण फार कमी सोडतो, आणि हा गुण हवेच्या फटीशिवाय निम्मा वाया जातो. शीट थेट पत्र्याला चिकटवली की वरची चकचकीत बाजू निकामी होते. आम्ही ती पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या, खालून ताणून बसवली, त्यामुळे पत्रा आणि शीट यांच्यात पर्लिनच्या उंचीइतकी, सुमारे सहा इंचांची पोकळी राहिली. खालची बाजूही चकचकीतच हवी. वरच्या बाजूवर काही वर्षांत धूळ बसणारच, आणि धूळ बसलेला फॉइल साध्या पत्र्यासारखाच वागतो. खालच्या बाजूवर धूळ टिकत नाही. एका बाजूने पांढरी असलेली शीट दिसायला छान असते, पण पांढरा प्लॅस्टिकचा थर उष्णता सहज सोडतो. तो खाली आला तर धुळीनंतर हाती फार काही उरत नाही.

शीटचं तापमान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासणार असाल तर एक काळजी घ्या. चकचकीत फॉइलवर तो चुकीचा आकडा दाखवतो, कारण त्याला फॉइलमध्ये जमिनीचंच प्रतिबिंब दिसतं. विक्रेते याच आकड्याचा फोटो दाखवतात. फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दहा मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरून मोजा. आमच्याकडे कडक उन्हात टेपवर ४७ आले. हिशेबाने खाली येणारी उष्णता पूर्वीच्या पाचव्या भागावर, म्हणजे १४-१५ किलोवॉटवर आली. थोडा वारा असला की टर्बोंना पेलेल असं हे ओझं आहे.

टर्बो बसवताना ठेकेदाराच्या माणसांनी शीट सलग ताणत नेली होती, टर्बोच्या गळ्याखालूनसुद्धा. तशी राहिली असती तर टर्बो फक्त वरच्या पोकळीतली हवा ओढत राहिले असते. ती कापून गळ्याभोवती फॉइल टेपने बंद करून घेतली. पोकळीलाही वळचणीला आणि माथ्याला चार बोटं जागा मोकळी ठेवली, म्हणजे तिथली गरम हवा कोंडत नाही. टर्बो फिरतोय म्हणजे हवा निघतेय, हा समजही सोडून द्यावा. वारा त्याला बाहेरून फिरवतोच. खरी परीक्षा गळ्याखाली उदबत्ती धरून होते: धूर सरळ वर खेचला गेला पाहिजे. आमच्याकडे शटर आणि जाळ्या बंद असताना टर्बो जोरात फिरत होते आणि धूर रेंगाळत होता. हवा खालून आत यायला वर जाणाऱ्या तोंडाच्या किमान दीडपट जागा लागते. आमच्या हिशेबाने साधारण ३७ चौरस फूट. लूव्हरच्या पात्या आणि उंदरांची जाळी निम्मी जागा खातात, म्हणून ३ बाय २ फुटांचे १२ लूव्हर, म्हणजे तिरप्या पात्यांचे झरोके, बसवले. बहुतेक उत्तरेच्या भिंतीत, जोत्यापासून दोन फुटांवर, कारण सावलीतली हवा उन्हात तापलेल्या फरशीवरून येणाऱ्या हवेपेक्षा बरी. थप्प्या भिंतीपासून अडीच फूट लांब ठेवल्या नाहीत तर लूव्हर पोत्यांनीच बुजतात. टर्बोंचा मोठा फायदा रात्री होतो. सूर्य मावळला की पत्रा झपाट्याने निवतो, खालून गार हवा येते आणि सकाळी शटर उघडताना आत साचलेली उबट हवा अंगावर येत नाही.

सगळ्यात जास्त विचार उजेडाच्या पत्र्यांचा करावा लागला. पुरवठादाराने छपराच्या पाच टक्के, म्हणजे ३ बाय १० फुटांचे दहा पत्रे सुचवले होते. दुपारी उन्हाचा जोर चौरस मीटरला ९०० वॉटच्या आसपास असतो. दुधी पत्र्यातून त्यातला निम्म्याहून थोडा जास्त आत येतो, आणि आत आलेला उजेड शेवटी उष्णताच होतो. एका पत्र्यामागे साधारण १.४ किलोवॉट, म्हणजे दुपारभर चालू ठेवलेला एक हीटर. दहांचे १४ किलोवॉट. शीट लावल्यावर उरलेल्या अख्ख्या छपरातून जेवढी उष्णता येते, तेवढीच या दहा पत्र्यांतून पुन्हा आत आली असती. आम्ही सहाच बसवले.

ते उत्तरेकडच्या उतारावर बसवा म्हणजे ऊन येणार नाही, असा सल्ला सगळे देतात. हिवाळ्यात तो बरोबर आहे. पण अकोल्याला मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो माध्यान्ही किंचित उत्तरेलाच असतो. कमी उताराच्या छपरावर मे महिन्यात उत्तर-दक्षिणेने फरक पडत नाही. खरा फरक पडतो उभ्या पट्टीने. उत्तरेच्या भिंतीवर वळचणीखाली दोन फूट उंचीची दुधी पट्टी लांबीभर घेतली आहे. तिच्यातून दिवसभर आभाळाचा उजेड येतो आणि थेट ऊन फक्त उन्हाळ्यातल्या सकाळ-संध्याकाळी, तेही तिरपं. नवीन शेड बांधणाऱ्याने छपरावरचे पत्रे आणखी कमी करून ही पट्टी वाढवावी.

छपरावरचे सहा पत्रे मधल्या बोळावर येतील असे घेतले, थप्प्यांवर नाही. पारदर्शक पत्र्यातून उन्हाचा कवडसा रोज एकाच जागी पडला तर वरच्या थराच्या धान्याचा रंग उतरतो. दुधी पत्र्याने उजेड पसरतो आणि सावल्याही कमी पडतात. जिथे हा पत्रा आहे तिथे खालची बबल शीट चौकोनी कापून कडा टेपने बंद कराव्या लागतात. पत्र्याची यूव्ही थर असलेली बाजू आभाळाकडेच हवी; ती खुणेच्या फिल्मवर छापलेली असते, बसवेपर्यंत फिल्म काढू देऊ नका. उलटी बसली तर काही वर्षांत पत्रा पिवळा पडून ठिसूळ होतो. भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं. दहा फुटांचा पॉलिकार्बोनेट पत्रा ५० अंशांच्या चढ-उतारात जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो, लोखंड दोन मिलिमीटरही नाही. भोक घट्ट असेल तर स्क्रूपासून चिरा पडतात आणि पहिल्या पावसात तिथूनच गळतं. आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं: धुळीने मळलेला हा पत्रा वरून लोखंडी पत्र्यासारखाच दिसतो आणि माणसाचं वजन पेलत नाही. प्रत्येकाखाली वेल्डमेशची जाळी पर्लिनला बांधून घेतली आहे. तिच्यासाठी घासाघीस करू नये.

पावसाळ्यात टर्बोंच्या बुडाशी वादळी पावसात दोन ठिकाणी पाणी आलं. चूक टर्बोची नव्हती, पत्र्याच्या नाळीत फ्लॅशिंग, म्हणजे सांध्यावर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी, नीट बसलं नव्हतं. वरच्या बाजूने फ्लॅशिंग माथ्याच्या पट्टीखाली सारून दिल्यावर ते थांबलं. झडीच्या दिवसांत मात्र लूव्हर बंदच ठेवावे लागतात, नाहीतर दमट हवा सरळ पोत्यांवर जाते. एका टर्बोचं बेअरिंग आता करकरतंय. आवाज आला की लगेच बदलावं, थांबलेला टर्बो म्हणजे नुसतं भोक.

बबल शीटचा गाभा पॉलिथिलीनचा, म्हणजे जळणारा. आग-रोधक प्रत मागून घ्या आणि छपराचं सगळं वेल्डिंग शीट चढवण्याआधी उरका.

धान्य साठवणाऱ्यांसाठी एक बदल अटळ आहे. टर्बो बसले की गोदाम हवाबंद राहत नाही, त्यामुळे कीड मारण्यासाठी सगळ्या गोदामाची एकदम विषारी वायूची धुरी करणं बंद. आता प्रत्येक थप्पीवर गॅसरोधक ताडपत्री टाकून, कडेने वाळूच्या नळ्या लावून वेगळी धुरी करावी लागते. ताडपत्र्यांचा खर्च आणि माणसांचा वेळ अंदाजपत्रकात आधीच धरा.